यॉर्कशरच्या नवऱ्याचे 'लव्ह' मराठीत कसे आणावे? (एकांकिकेच्या भाषांतरासाठी मदत हवी आहे)

रंकाळाकाठ (धागाकर्ती)

कोल्हापुरातील एका हौशी नाट्यसंस्थेसाठी मी सध्या एका इंग्रजी एकांकिकेचे मराठी भाषांतर करते आहे. कथानक साधे आहे. उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशर भागात, एका गिरणीच्या गावात राहणारे आर्थर आणि डोरिस हे सत्तरीतले जोडपे, आर्थरचा गिरणीपासूनचा मित्र वॉल्टर आणि एका प्रवेशापुरता येणारा बसचा कंडक्टर, एवढीच पात्रे आहेत. नावे आणि गाव बदलायचे नाही, म्हणजे हे रूपांतर नसून भाषांतरच असावे, असे दिग्दर्शकांनी सुरुवातीलाच ठरवले आहे.

माझी अडचण लाडाच्या हाकांची आहे. आर्थर बायकोला जवळजवळ प्रत्येक वाक्यात 'लव्ह' म्हणतो. बसमधला कंडक्टरही तिला पहिल्यांदाच पाहत असताना 'लव्ह' म्हणतो. वॉल्टर आर्थरला 'डॅफ्ट ओल्ड लॅड' म्हणतो, म्हणजे शब्दशः पाहिले तर 'खुळा म्हातारा पोरगा'. आणि एका भांडणात आर्थरच्या तोंडचे 'लव्ह' अचानक नाहीसे होते, तो तिला नुसते 'डोरिस' म्हणतो, आणि तेवढ्यावरून प्रेक्षकाला कळते की आज काहीतरी बिघडले आहे.

संस्थेकडे फार पूर्वी कोणीतरी करून ठेवलेला एक कच्चा खर्डा आहे. त्यात पहिलेच वाक्य 'प्रिये, चहाचे आधण ठेव' असे आहे. वाचनाच्या वेळी नटाने ते उच्चारल्यावर सगळे गप्प झाले, कारण सकाळी दाढी न केलेला, पायात लोकरी मोजे घातलेला, निवृत्त गिरणी कामगार एकदम संगीत नाटकातला नायक वाटू लागला. 'लाडके', 'सखे', 'माझ्या राणी' हे सगळे पर्याय आम्ही वाचून पाहिले. प्रत्येक वेळी ते दोघे एकमेकांपासून दूर गेल्यासारखे वाटले. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

शाहूपुरीकर

माझ्या मते उत्तर सोपे आहे. मराठी नवरा बायकोला लाडाच्या नावाने हाक मारतच नाही, निदान त्या पिढीतला तरी नाही. माझ्या वडिलांनी आईला आयुष्यभरात एकदाही नावाने किंवा लाडाने बोलावलेले मला आठवत नाही, पण आई आजारी पडली की ते रात्रभर खुर्चीत बसून राहत. तेव्हा ही सगळी 'लव्ह' सरळ गाळून टाकावीत. मूळ लेखकाने ती इंग्रजी सवयीने घातली आहेत, आपल्या प्रेक्षकाला त्यांची गरज नाही. ओढून ताणून पर्याय घातला की ते कृत्रिमच वाटणार.

अक्षरवाट

शाहूपुरीकर यांचे निरीक्षण खरे आहे, पण त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. त्या पिढीतला मराठी नवरा लाडाचे नाम वापरत नसे, हे मान्य. परंतु तो बायकोशी बोलताना लाड करतच नसे, असे नाही. इंग्रजी माणूस जे काम एका नामाकडून करून घेतो, ते मराठी माणूस 'अगं', 'गं', 'की', 'ना', 'जरा' अशा लहान शब्दांकडून आणि क्रियापदाच्या रूपाकडून करून घेतो. तुमच्या वडिलांचे 'अगं, ऐकतेस का' हे वाक्य आठवून पाहा. त्यातले 'अगं' काढून टाकले आणि नुसते 'ऐकतेस का' ठेवले, तर तुम्हालाच ते वाक्य तुटक वाटेल.

म्हणून 'लव्ह' गाळायचेही नाही आणि त्याच्या जागी दुसरे नामही शोधायचे नाही. वाक्यातला जिव्हाळा कुठे ठेवायचा, एवढेच ठरवायचे. पहिलेच वाक्य घेऊ. आर्थर म्हणतो, 'पुट द केटल ऑन, लव्ह.' मराठीत नुसते 'चहा टाक' म्हटले तर तो हुकूम होतो. 'चहा टाकतेस का?' म्हटले तर विनंती होते, पण ती पाहुण्याने केल्यासारखी थोडी सावध वाटते. 'जरा चहा टाक की गं' म्हटले की इतक्या वर्षांचा संसार ऐकू येतो. यातला 'की' आपल्या भागात फार कामाचा आहे, तो हुकमाची धार काढतो आणि त्याच वेळी हक्कही दाखवतो. 'गं' हाक पूर्ण करतो. मूळ वाक्यात 'लव्ह' शेवटी येते, इथेही 'गं' शेवटी आला, त्यामुळे नटाला वाक्याचा सूर बदलावा लागत नाही.

दुसरी गोष्ट संख्येची आहे. इंग्रजीत, विशेषतः यॉर्कशरच्या बोलण्यात, 'लव्ह' हा शब्द इतका झिजलेला आहे की तो वाक्यागणिक आला तरी कानाला टोचत नाही. मराठीतले कोणतेही लाडाचे नाम इतके झिजलेले नाही. 'राणी' हा शब्द एका प्रवेशात तीनदा आला की प्रेक्षक त्याकडे लक्ष देऊ लागतो, चौथ्यांदा आला की हसतो. 'गं' मात्र दहा वेळा आला तरी कोणी मोजत नाही. म्हणूनच झिजलेल्या शब्दाच्या जागी झिजलेलाच शब्द हवा.

कंडक्टरचे 'लव्ह' हे मात्र वेगळे प्रकरण आहे आणि तिथे 'गं' चालणारच नाही. त्या भागात दुकानदार, कंडक्टर, चहाच्या टपरीवरची बाई असे सगळेच अनोळखी माणसाला 'लव्ह' म्हणतात. जुन्या पिढीत तर पुरुष पुरुषालाही म्हणत असे. न्यूकॅसलकडे याच जागी 'पेट' येते, नॉटिंगहॅम आणि डर्बीच्या बाजूला 'डक' येते, आणि 'डक' ऐकून तिथल्या कोणाच्याही डोळ्यांपुढे बदक उभे राहत नाही. हे अनोळखी माणसाशी बोलतानाचे सौजन्य आहे. आपल्याकडे त्या जागी नाते येते. केएमटीचा कंडक्टर डोरिसला काय म्हणेल, ते लिहावे: 'मावशी, पायरी बघून.'

इंग्रजीतला एकच शब्द मराठीत दोन ठिकाणी दोन वेगळ्या रूपांत आला म्हणून बिचकू नये. तिथे शब्द एक असला तरी नाती दोन आहेत.

निपाणीचा पाहुणा

विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून माझा प्रश्नही इथेच विचारतो. माझी पत्नी धारवाडकडची आहे, घरी आम्ही कन्नड आणि मराठी दोन्ही बोलतो. ती मला 'चिन्ना' म्हणते, लाडात आली की 'बंगारा' म्हणते. दोन्हींचा अर्थ सोने. कोल्हापूरच्या मित्रांनी अर्थ विचारला तेव्हा मी 'सोन्या' असे सांगितले आणि ते आजतागायत मला त्या नावाने छळतात. कन्नडमध्ये हा शब्द कानाला इतका गोड लागतो, मग मराठीत त्याचे असे का व्हावे? आणि बायकोला मी मराठीत काय म्हणावे, हेही कोणी सुचवावे. 'सोने' म्हटले तर तिला सराफ कट्टा आठवतो.

शाहूपुरीकर

पाहुणे, कारण उघड आहे. आपल्या भागात 'सोन्या' म्हटले की एक तर लहान मूल डोळ्यांसमोर येते, नाही तर गोठ्यातला बैल. बेंदराला शिंगे रंगवलेली, अंगावर झूल टाकलेली जी जोडी दारात येते, तिच्यातल्या एकाचे नाव बहुधा सोन्या असते, दुसऱ्याचे राजा किंवा सर्जा. शब्दात कमीपणा काहीच नाही, उलट शेतकऱ्याने आपल्या सर्वांत लाडक्या जनावराला दिलेले ते नाव आहे. पण मोठ्या माणसाला चारचौघांत त्या नावाने बोलावले की मित्र सोडणार नाहीत.

अक्षरवाट

पाहुण्यांचा प्रश्न धाग्याच्या विषयाहून थोडा बाजूला असला तरी त्यातून एक उपयोगी गोष्ट निघते. 'चिन्ना' आणि 'सोन्या' यांचा अर्थ एकच, पण बोलण्यातली जागा वेगळी. कन्नडमध्ये 'चिन्ना' मुलालाही म्हणतात आणि जोडीदारालाही, स्त्रीलाही आणि पुरुषालाही. मराठी 'सोन्या' पुल्लिंगी रूपाला बांधलेला आहे आणि मुख्यतः लेकरासाठी आहे. शब्दकोश दोन शब्दांचा अर्थ जुळवून देतो, पण तो शब्द कोण कोणाला आणि कुणादेखत म्हणतो, हे जुळवून देत नाही. फ्रेंच माणूस आपल्या माणसाला 'मों शू' म्हणतो, तो शब्द कोबीचाही आहे, म्हणून कोणी मराठीत 'माझ्या कोबी' लिहील का?

उलट काही जागा दोन्ही भाषांत अगदी जुळतात. तुमच्या पत्नीच्या माहेरी बायका नवऱ्याला 'री' म्हणून हाक मारत असतील. त्याचे मराठी आपोआप 'अहो' होते, तिथे शोधाशोध करावी लागत नाही. पत्नीला काय म्हणावे, हे आम्ही सांगण्यासारखे नाही. मात्र 'चिन्ना'चे भाषांतर न करता तो शब्द घरात तसाच ठेवावा, असे मला मनापासून वाटते. दोन भाषांच्या घरात तेवढी मोकळीक असते, रंगमंचावर ती नसते.

तालमीतला

वॉल्टरची भूमिका मीच करतो आहे, त्यामुळे मित्राच्या हाकेबद्दल मला विचारायचे आहे. माझे वय पंचविशीचे आहे आणि माझ्या तोंडात सहज 'भावा' येते. 'काय भावा, कुठं होतास इतके दिवस?' हे वाक्य मला अगदी आपले वाटले आणि वाचनात सगळ्यांना आवडलेही. पण दिग्दर्शकांनी ते तोडले. कारण विचारले तर 'वॉल्टर असे बोलणार नाही' एवढेच म्हणाले. 'मर्दा' मी सुचवले, तेही त्यांना पटले नाही. मूळ संहितेत वॉल्टर खूप दिवसांनी दारात उभा असलेल्या आर्थरला पाहून 'यू डॅफ्ट ओल्ड लॅड, आय थॉट यू वर डेड' असे म्हणतो.

अक्षरवाट

दिग्दर्शकांचे म्हणणे बरोबर आहे, कारण मात्र सांगायला हवे होते. 'भावा' ही आजच्या तरुणांची हाक आहे आणि ती आता मित्रापुरती राहिलेली नाही. पेट्रोल पंपावर, पानपट्टीवर, अनोळखी मुलालाही आपण 'भावा' म्हणतो. यॉर्कशरच्या कंडक्टरच्या 'लव्ह'सारखीच तिची गत झाली आहे. गिरणीत चाळीस वर्षे शेजारी उभे राहून काम केलेल्या माणसाला ती पुरत नाही. शिवाय सत्तरीतल्या माणसाच्या तोंडी ती उसनी वाटते. 'मर्दा' वयाला शोभेल, पण त्यात किंचित ललकारी आहे. 'उठ मर्दा, लाग कामाला' असे म्हणताना तो शब्द खुलतो, दारातल्या भेटीत तो जरा मोठ्या आवाजाचा होतो.

तुम्हाला हवा तो शब्द 'लेका' हा आहे. तो बरोबरीच्या माणसाला म्हणतात, मोठा लहानाला म्हणतो, लहान मोठ्याला कधीच म्हणत नाही, म्हणजे या दोघांची बरोबरी तो शब्दच सिद्ध करतो. आणि 'डॅफ्ट' किंवा 'खुळा' या विशेषणाचे वेगळे भाषांतर करण्याचीही गरज उरत नाही. मराठी मित्र खूप दिवसांनी भेटलेल्या मित्राला शिवी देत नाही, पण त्याच्या गैरहजेरीला देतो: 'कुठं मेला होतास लेका?' मूळ वाक्यातले मरणही यात आले आणि जिव्हाळाही आला.

आता एक खबरदारी. एकांकिकेत या भेटीच्या आसपास कोणाच्या खऱ्या मृत्यूचा उल्लेख आहे का, ते रंकाळाकाठ यांनी पाहावे. असेल तर 'मेला होतास' प्रेक्षकाला खटकेल.

रंकाळाकाठ (धागाकर्ती)

आहे. त्याच प्रवेशात वॉल्टरच्या भावाचे नुकतेच निधन झाल्याचे कळते. मूळ लेखकाने तिथे 'डेड' हा शब्द मुद्दाम ठेवला असावा, कारण पुढच्याच वाक्यावर वॉल्टर अडखळतो.

अक्षरवाट

मग निर्णय नटाच्या अडखळण्यावर अवलंबून राहील. अडखळणे रंगमंचावर स्पष्ट दिसणार असेल तर 'मेला होतास' ठेवावे, कारण मूळ रचनेत त्या शब्दावरच सगळे उभे आहे. अडखळण्यासाठी वेळ मिळणार नसेल तर 'कुठं उलथला होतास लेका?' असे घ्यावे. चीड आणि प्रेम तेवढेच राहते, मरण निघून जाते. दोन्ही वाक्ये तालमीत म्हणून पाहावीत, कागदावर हे ठरणार नाही.

तालमीतला

दोन्ही म्हणून पाहिली. 'उलथला' म्हणताना माझ्या चेहऱ्यावर आपोआप हसू येते आणि मग पुढे अडखळायला जागाच राहत नाही. 'मेला' म्हटल्यावर तोंडातला शब्द परत घ्यावासा वाटतो. आम्ही 'मेला' ठेवले आहे. आर्थरचे काम करणाऱ्या काकांनी मात्र आणखी एक सुचवले, की वॉल्टरने त्याला 'आर्थ्या' म्हणावे, जसे आपण संजयला संज्या आणि बाळूला बाळ्या म्हणतो. ते कसे वाटेल?

जुना बुधवार

मी या क्षेत्रातली नाही, फक्त पुष्कळ नाटके पाहिलेली प्रेक्षक आहे. 'आर्थ्या' ऐकले की मी तरी हसेन, आणि तो हसण्याचा प्रसंग नाही. 'संज्या'मधले 'या' आपल्याच नावांना शोभते. त्यातही ते दुधारी आहे. जिवलगाने 'संज्या' म्हटले तर माया, परक्याने म्हटले तर अपमान. साहेबी नावाला ते लावले की माया राहत नाही आणि अपमानही राहत नाही, नुसती गंमत उरते.

मला मात्र दुसरेच विचारायचे आहे. डोरिस आर्थरला काय म्हणणार आहे? इतका वेळ सगळे नवऱ्याच्या हाकेबद्दलच बोलत आहेत. माझ्या पिढीतल्या बाईने नवऱ्याला 'आर्थर, इकडे ये' म्हटलेले मला ऐकवणार नाही. तिथे 'अहो' हवे. 'अहो' ही नुसती आदराची हाक नाही. दिवसभरात बाई ते ज्या निरनिराळ्या सुरांत उच्चारते, त्यात राग, काळजी, कौतुक, आळवणी सगळे येते, आणि स्वयंपाकघरातून आलेल्या एका 'अहो'वरून घरातल्यांना कळते की गॅस संपला आहे की पाहुणे आले आहेत.

अक्षरवाट

'अहो'बद्दल आपण लिहिलेले प्रत्येक वाक्य मला मान्य आहे, तरीही डोरिसच्या तोंडी ते घालू नये, असे माझे मत आहे. 'अहो' आले की त्याच्या मागोमाग 'तुम्ही' येते, 'तुम्ही' आले की नवऱ्याचे नाव न घेणे येते, आणि मग ती बाई यॉर्कशरची राहत नाही. मूळ संहितेत डोरिस त्याला नावाने हाक मारते, त्याच्याशी बरोबरीने भांडते. 'अहो' घातल्यास तिचा रागही एक पायरी खाली उतरून बोलू लागेल. 'अरे आर्थर', 'आर्थर, ऐक ना' हे मराठीत परके वाटत नाही, आजची निम्मी जोडपी तशीच बोलतात.

जुना बुधवार

आजची बोलतात, सत्तरीतली नाही. आणि आपणच वॉल्टरच्या वेळी वयाचे कारण दिले होते, की सत्तरीतला माणूस 'भावा' म्हणणार नाही. मग सत्तरीतल्या बाईला वेगळा नियम का?

अक्षरवाट

हा आक्षेप बिनतोड आहे. माझ्याजवळ त्याला एवढेच उत्तर आहे, की 'भावा' टाळल्याने वॉल्टरचे काहीच हरवत नाही, 'अहो' घातल्याने मात्र डोरिसची बरोबरी हरवते. पण यावर दुमत राहणार, हे मला मान्य आहे.

शाहूपुरीकर

अडचण नावे तशीच ठेवल्यामुळे निर्माण झाली आहे. आर्थरचा आनंदा करा, डोरिसची द्वारका करा, गाव इचलकरंजी करा, तिथेही कापडाचाच धंदा आहे. 'अहो', 'अगं' सगळे आपोआप जागेवर बसेल.

रंकाळाकाठ (धागाकर्ती)

हा मोह मलाही होतो, पण तसे केले तर ते दुसरे नाटक होईल, आणि दिग्दर्शकांना हेच नाटक करायचे आहे. एका नटाने तर संपूर्ण एकांकिका कोल्हापुरी बोलीत करावी, असे सुचवले होते, कारण मूळ भाषा यॉर्कशरच्या बोलीतली आहे. मी 'की' आणि 'गं' एवढेच घेते आहे. त्यापुढे गेले तर आपल्याकडच्या बायका जसे 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात, तसे डोरिसच्या तोंडी घालावे लागेल. कोल्हापूरच्या प्रेक्षकाला ते घरचे वाटेल. मात्र प्रयोग इतर गावी गेला तर बाई स्वतःला पुरुषासारखे का संबोधते आहे, याचाच विचार लोक करत बसतील.

आता भांडणाच्या वाक्याकडे वळते. मूळ वाक्य 'डू अ‍ॅज यू प्लीज, डोरिस' असे आहे. माझ्यापुढे दोन मसुदे आहेत. एक: 'डोरिस, तुला काय करायचं ते कर.' दुसरा: 'करा, तुम्हाला काय करायचं ते करा.' दुसऱ्यात एकदम 'तुम्ही' आल्यामुळे मराठी प्रेक्षकाला राग लगेच कळतो, घरोघरी नवरे रागावले की असेच 'तुमचं झालं का' म्हणू लागतात. कोणता ठेवावा?

अक्षरवाट

दुसरा मसुदा मराठी म्हणून सुंदर आहे, पण त्या 'तुम्ही'त टोमणा असतो आणि टोमण्यात अजून ऊब शिल्लक असते. मूळ वाक्यातला आर्थर टोमणा मारत नाही, तो थंड झाला आहे. म्हणून पहिला घ्यावा. मात्र तो परिणामकारक होण्यासाठी एक पूर्वतयारी लागेल. त्या क्षणापर्यंत आर्थरच्या एकाही वाक्यात 'डोरिस' हे नाव येता कामा नये आणि 'गं' शक्यतो कुठे सुटता कामा नये. प्रेक्षकाच्या कानाला 'गं'ची सवय लागलेली असेल तरच तो गळल्याचे जाणवेल. संहिता पुन्हा एकदा सुरुवातीपासून केवळ या दृष्टीने वाचावी. जिथे नाव आले असेल तिथे 'अगं' करावे, आणि जिथे वाक्य कोरडे सुटले असेल तिथे 'गं' किंवा निदान 'ना' घालावा. 'आर यू ऑल राइट, लव्ह' या वाक्याचे 'बरं वाटतंय ना गं?' असे होईल, तिथे दोन्ही येतील.

भांडणानंतर समेटाच्या वाक्यात 'गं' परत कधी आणायचा, हेही मूळ संहितेत 'लव्ह' परत कुठे आले आहे ते पाहूनच ठरवावे, त्याच्या एक ओळही आधी नको.

रंकाळाकाठ (धागाकर्ती)

पाहिले. परत 'लव्ह' येते ते समेटात येत नाही. डोरिस दमून बसलेली असताना तो तिच्या पायांवर रग टाकतो, तिथे येते. म्हणजे तो क्षमा मागतच नाही. तिथे मी 'पाय वर घे गं' असे केले आहे.

शेवटची अडचण डोरिसच्या अखेरच्या वाक्याची आहे. ती त्याला 'कम हिअर, यू सिली ओल्ड थिंग' असे म्हणते. 'ये इकडे, वेड्या' म्हटले तर ती प्रेयसी वाटते, 'म्हाताऱ्या' म्हटले तर भांडण पुन्हा सुरू झाल्यासारखे वाटते. आणि 'तू' की 'तुम्ही' हा वाद तर अजून तसाच आहे.

अक्षरवाट

इथे मराठीचे नपुंसकलिंग वापरावे. आपण माया करताना माणसाला नपुंसकलिंगात नेतो. आई मुलीला 'दमलं का माझं पिल्लू' म्हणते, बहीण धाकट्या भावाला 'वेडं कुठलं' म्हणते. इंग्रजीने इथे 'थिंग' हा शब्द घेतला आहे, तोही माणसाला वस्तू करणाराच आहे, त्यामुळे मराठी नपुंसकलिंग त्याच्या फार जवळ जाते.

शाहूपुरीकर

हे लहान मुलांसाठी ठीक आहे. सत्तर वर्षांच्या नवऱ्याला 'वेडं कुठलं' कोण म्हणेल?

जुना बुधवार

तेवढेच म्हणणार नाही, पण 'भोळं माणूस' म्हणेल. माझ्या सासूबाई सासऱ्यांबद्दल त्यांच्यादेखत म्हणत, 'अगदीच भोळं माणूस आहे हे.' म्हणताना बघत असत आमच्याकडे, पण ऐकवत असत त्यांनाच. सासरे मान खाली घालून सुपारी कातरत राहत. लग्नाचे माणूस, घरचे माणूस, आमचे माणूस, असे 'माणूस' नपुंसकलिंगात बायकांच्या बोलण्यात सतत येते आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

अक्षरवाट

आपण अत्यंत मोलाची गोष्ट सांगितली. असे तृतीयपुरुषी वाक्य घेतल्यास 'तू' आणि 'तुम्ही' हा वाद त्या ओळीपुरता उरतच नाही. 'खुळं माणूस आहे अगदी' असे केले तर 'सिली'ही आले. 'कम हिअर' मात्र शब्दांत आणू नये, कारण 'ये' म्हटले की 'तू' आलाच. ते तिच्या हाताने करावे, शेजारची जागा थोपटून दाखवावी.

तालमीतला

काल वाचनात हे वाक्य घेतले. डोरिसचे काम करणाऱ्या काकूंनी ते समोर, प्रेक्षकांकडे बघत म्हटले आणि मग हाताने जागा थोपटली. काका जागेवरून उठायला विसरले, कारण ते ऐकत राहिले होते. दिग्दर्शकांनी वाक्य कायम केले आहे.

रंकाळाकाठ (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. डोरिसने इतर ठिकाणी 'अहो' म्हणावे की 'आर्थर', हे अजून ठरलेले नाही. पुढच्या आठवड्यात पहिला प्रवेश दोन्ही प्रकारे वाचून पाहायचा आहे. एका मधल्या वाटेचाही विचार करते आहे, की डोरिसच्या बहुतेक वाक्यांत हाक ठेवायचीच नाही आणि 'ऐकलं का', 'बघ तरी' यांऐवजी 'चहा झालाय', 'दार लागलंय का' अशी ज्यांत 'तू'ही दिसत नाही आणि 'तुम्ही'ही दिसत नाही, अशी वाक्ये वापरायची. संपूर्ण प्रवेश असा निभेल का, याबद्दल मला शंका आहे, कारण भांडणात तिला थेट बोलावेच लागते. ज्यांना वेळ असेल त्यांनी भांडणातल्या तिच्या एका वाक्यासाठी पर्याय सुचवावेत. मूळ वाक्य 'यू नेव्हर आस्क्ड मी, आर्थर, नॉट वन्स' असे आहे.

जुना बुधवार

'मला कधी विचारलंत? एकदा तरी?' माझे मत 'अहो'कडेच आहे, हे आपल्याला ठाऊकच आहे.

अक्षरवाट

'आर्थर, मला एकदाही विचारलं नाहीस.' नाव आधी, 'एकदाही' मध्ये, आणि शेवटी 'नाहीस'. पुढच्या आठवड्यात दोन्ही वाचा आणि इथे कळवा.